बॉक्समधला काजू मोजून बघा

प्रश्न: भेटीसाठी ड्रायफ्रूट बॉक्स घ्यायचाय. माल ताजा आणि किंमत रास्त आहे, हे कसं ओळखू?

आधी काजू बघा. त्याची प्रत दाण्याच्या आकारावरून ठरते: डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात (सुमारे ४५४ ग्रॅम) २२० ते २४० अख्खे काजू, डब्ल्यू-३२० म्हणजे ३०० ते ३२०. त्यामुळे १०० ग्रॅममध्ये साधारण ५० दाणे भरले तर २४०. सत्तरच्या जवळ गेले तर ३२०, आणि तो स्वस्तच मिळायला हवा.

ताजेपणासाठी अक्रोड चावून पाहा, तो लवकर खवट होतो. जिभेवर जुन्या तेलाची चव रेंगाळली तर बॉक्स घेऊच नका.

किमतीसाठी प्रत्येक खणाचं निव्वळ वजन विचारा, सुट्या भावाने हिशेब करा. वर उरेल ती नुसत्या डब्याची किंमत. ती एकतृतीयांशाहून जास्त असेल तर मी सुटा माल घेऊन स्वतःच डबा भरतो.