परदेशी सरकारने माल घेतला, पैसे अडवले: दाद कुठे मागायची?

"वकीलसाहेब, मकरपुरा जीआयडीसीत माझा पंपांच्या कंट्रोल पॅनेलचा कारखाना आहे. आफ्रिकेतल्या एका देशाच्या कृषी मंत्रालयाला त्यांच्या सिंचन योजनेसाठी 1 कोटी 20 लाखांची पॅनेलं पुरवली. माल 5 मार्च 2024 ला पोहोचला, शेवटचा हप्ता त्यानंतर 90 दिवसांत यायचा होता. 38 लाख अजून बाकी आहेत. दूतावासातले लोक म्हणतात, 'आम्ही सार्वभौम सरकार आहोत, तुमच्या कोर्टाचा आमच्यावर अधिकार नाही.' करारात नवी दिल्लीत लवाद नेमायचं कलम आहे. बडोद्यात दावा लावू, की पैसे सोडून देऊ?"
– एक वाचक, बडोदा

पैसे सोडू नका, पण बडोद्यात दावाही लावू नका. दूतावासाने तुम्हाला जे सांगितलं, तो शंभर वर्षांपूर्वीचा कायदा झाला. एका सार्वभौम राज्याने दुसऱ्या राज्याच्या कोर्टात उभंच राहायचं नाही, असा तेव्हा नियम होता. पुढे सरकारं स्वतःच धान्य, सिमेंट, जहाजं यांची खरेदी-विक्री करू लागली आणि हा नियम टिकेना. आज बहुतेक देशांची कोर्टं राज्याच्या कृतींचे दोन भाग करतात. कायदा करणं, सैन्य हलवणं, व्हिसा नाकारणं ही राज्यसत्तेची कामं. तिथे उन्मुक्ती, म्हणजे परक्या कोर्टापासूनचं संरक्षण, कायम आहे. माल विकत घेणं, काम करवून घेणं हे कोणीही व्यापारी करतो. तिथे ती मिळत नाही.

तुमच्या प्रकरणात समोरचा वकील हमखास एक युक्तिवाद करेल: पॅनेलं शेतकऱ्यांना पाणी देण्यासाठी घेतली, हा सार्वजनिक हेतू आहे, मग व्यापार कुठला? याचं उत्तर 1963 साली जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने दिलं. इराणच्या दूतावासाने इमारतीतली हीटिंगची यंत्रणा एका कंपनीकडून दुरुस्त करून घेतली आणि बिल थकवलं. दूतावास चालवणं हे नि:संशय राज्याचं काम आहे, तरीही न्यायालयाने उन्मुक्ती नाकारली. हेतू पाहू लागलं तर सरकारचं प्रत्येकच काम शेवटी सार्वजनिक ठरेल, म्हणून कृतीचं स्वरूप पाहायचं, असं न्यायालयाने म्हटलं. दुरुस्तीचा करार कोणीही करू शकतो आणि पॅनेलं कोणीही विकत घेऊ शकतो. तुमच्या कागदांत 'सिंचन योजना' हे शब्द कितीही वेळा आले असले, तरी मूळ व्यवहार ऑर्डर, इन्व्हॉइस आणि डिलिव्हरीचाच आहे. राज्यांच्या उन्मुक्तीवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2004 च्या करारात मात्र काही परिस्थितीत हेतूही विचारात घ्यायची वाट ठेवली आहे. भारताने त्यावर 2007 मध्ये सही केली, पण तो करार अजून अमलात आलेला नाही. त्यामुळे एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

आता बडोद्याचं कोर्ट का नको, ते सांगतो. या विषयावर भारतात इंग्लंड-अमेरिकेसारखा स्वतंत्र कायदा नाही. आपल्याकडे आहे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 86. परदेशी राज्यावर दावा लावायचा तर आधी केंद्र सरकारची लेखी संमती लागते. ती देता येईल अशी कारणं त्याच कलमात मोजून दिली आहेत. त्यांपैकी तुमच्या जवळची कारणं दोनच. पहिलं: ते राज्य त्या कोर्टाच्या स्थानिक हद्दीत व्यापार करत असलं पाहिजे. मकरपुऱ्यातून एकदा माल मागवला म्हणजे ते सरकार बडोद्यात व्यापार करतं, हे पटवणं मला फार अवघड वाटतं. दुसरं कारण म्हणजे त्यांनी हा विशेषाधिकार स्पष्टपणे किंवा वागण्यातून सोडलेला असणं, पण त्यावर वाद होणारच. संमती नाकारण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं सरकारला बंधनकारक आहे. 1986 मध्ये हरभजनसिंग धल्ला या कंत्राटदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अल्जीरियाच्या दूतावासावरच्या दाव्याला 'राजकीय कारणां'वरून दिलेला नकार रद्द केला आणि परराष्ट्र मंत्रालयाला फेरविचार करायला लावलं. म्हणजे अन्यायी नकाराविरुद्ध दाद मिळते. पण तेवढं करूनही हाती येते ती दावा लावायची परवानगी, वसुली नव्हे. कोर्टाचा हुकूमनामा मिळाल्यावर जप्तीसाठी त्याच कलमाखाली पुन्हा संमती मागावी लागते.

लवादाच्या कलमामुळे यातलं बरंच टळतं, म्हणून ते तुमच्या हातातलं सगळ्यात भक्कम हत्यार आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये दोन प्रकरणं एकत्र निकाली काढली. एकात अफगाणिस्तानच्या दूतावासाचं बांधकाम करणारी कंपनी होती, दुसऱ्यात इथिओपियाच्या शिक्षण मंत्रालयाला पुस्तकं पुरवणारी. दोघींकडे लवादाचा निवाडा होता. व्यापारी करारातून आलेल्या निवाड्याची अंमलबजावणी करायला कलम 86 ची संमती लागत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. लवाद कायद्यात निवाडा 'हुकूमनाम्यासारखा' अमलात आणायचा म्हटलं आहे, ते फक्त वसुलीच्या सोयीसाठी. त्याने तो कलम 86 मधला हुकूमनामा होत नाही. लवाद मान्य करणाऱ्या राज्याला नंतर उन्मुक्तीच्या आड लपता येत नाही, हेही न्यायालयाने म्हटलं. हा एकल न्यायमूर्तींचा निर्णय आहे, त्यामुळे समोरचे त्याला आव्हान देतील याची तयारी ठेवा.

पहिलं पाऊल म्हणजे लवादाची नोटीस. करारात नोटिशीसाठी जो पत्ता दिला आहे तिथेच ती कुरिअरने पाठवा आणि पोच जपून ठेवा. दूतावासाला हवी तर प्रत द्या, पण तीच खरी बजावणी समजू नका. नोटीस समोरच्याच्या हाती पडते त्या दिवशी लवादाची कार्यवाही सुरू झाली असं कायदा धरतो. 30 दिवसांत त्यांनी लवाद नेमायला साथ दिली नाही, तर अर्ज सर्वोच्च न्यायालयात करावा लागेल, कारण एक पक्ष परदेशी सरकार असलं की तो आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद ठरतो. ते हजरच राहिले नाहीत, तरी पुराव्यावर निवाडा होऊ शकतो.

दावा करायची मुदत विसरू नका. 90 दिवसांची सवलत 3 जून 2024 ला संपली. तिथून तीन वर्षं म्हणजे 3 जून 2027, आणि नोटीस त्याआधी त्यांच्या हातात पडलेली हवी. कलम 86 च्या संमतीत जाणारा काळ कोर्टातल्या दाव्याच्या मुदतीतून वजा होतो. लवादासाठी अशी संमतीच लागत नसल्याने त्या सवलतीवर विसंबू नका. मंत्रालयाकडून त्यांच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह बाकी मान्य असल्याचं पत्र मुदतीच्या आत आलं, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. 'बजेट आलं की देऊ' एवढं लिहून दिलं तरी त्याचा उपयोग होतो. असं पत्र मागून पाहा.

खरी अडचण वसुलीत आहे. निवाडा मिळाला म्हणून दूतावासाच्या बँक खात्यावर जप्ती आणता येईल, असं समजू नका. 1961 च्या व्हिएन्ना करारानुसार दूतावासाची जागा, तिथलं सामान आणि वाहनं यांना हात लावता येत नाही. दूतावासाच्या रोजच्या खर्चाच्या खात्यालाही कोर्टं हेच संरक्षण देतात. फिलिपीन्सच्या दूतावासाच्या खात्याबाबत जर्मनीच्या न्यायालयाने 1977 मध्ये तसं ठरवलं. राष्ट्रीय विमान कंपनीचे पैसेही सहसा मंत्रालयाचे धरले जात नाहीत, कारण कंपनी वेगळी आहे. तुम्हाला शोधायची आहे ती त्या सरकारची भारतातली किंवा तिसऱ्या देशातली व्यापारी मालमत्ता: माल विकून येणारे पैसे, भाड्याने दिलेली इमारत, एखाद्या भारतीय कंपनीकडून त्यांना येणं असलेली रक्कम. दिल्लीत दरखास्त, म्हणजे निवाड्याच्या वसुलीचा अर्ज, दाखल केल्यावर न्यायालयाला समोरच्यांकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागायची विनंती करता येते. तो देश 1958 च्या न्यूयॉर्क कराराचा सदस्य असेल, तर तिथेही निवाडा अमलात आणायचा अर्ज करता येईल.

निर्यात विमा घेतलेला असेल तर पॉलिसी आजच काढून वाचा, तक्रार कळवायची मुदत त्यात असते. मग करार, शिपिंगची कागदपत्रं, मंत्रालयाचे सगळे ईमेल आणि माल ताब्यात घेतल्याच्या सह्या तारखेनुसार लावा. कराराच्या पहिल्या पानावर खरेदीदाराचं नाव 'मंत्रालय' आहे की एखादं सरकारी महामंडळ, ते आधी तपासा. महामंडळ असेल तर ते स्वतंत्र संस्था असू शकतं आणि कलम 86 चा अडथळा लागू पडतो का, हे नव्याने पाहावं लागेल. त्या पानाचा फोटो मला पाठवलात, तर नोटिशीचा मजकूर त्यानुसार ठरवता येईल.