चिडला की चिडका? हवा आणि हवामान

"सातवीच्या मुलांना हवा आणि हवामान यांतला फरक तोंडी समजावून द्यायचा आहे. 'आज हवामान खराब आहे' असं सगळेच म्हणतात, त्यामुळे मुलांना दोन्ही शब्द एकच वाटतात. बोलता बोलता सांगता येईल अशी एखादी तुलना सुचवाल का?"

तुलना आपल्या भाषेतच तयार आहे. फळ्यावर काही न लिहिता वर्गात फक्त दोन वाक्यं म्हणा: "बंड्या चिडला आहे." "बंड्या चिडका आहे." आणि विचारा, पहिलं वाक्य म्हणायला बंड्याकडे किती वेळ बघावं लागेल? मुलं म्हणतील, एकदा बघितलं की झालं. दुसऱ्यासाठी? इथे वाद सुरू होतो. कोणी आठवडा म्हणेल, कोणी वर्ष. पण एकदा बघून चालणार नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. चिडला ती हवा, चिडका ते हवामान. (बंड्या काल्पनिकच ठेवा. वर्गातलं नाव घेतलंत तर त्या पोराला वर्षभर चिडका म्हणतील.)

वाद रंगला की मग सांगा की हवामानाच्या बाबतीत हा आकडा ठरलेला आहे: ३० वर्षं. जागतिक हवामान संघटना सध्या १९९१ ते २०२० या काळातल्या नोंदींची सरासरी प्रमाण धरते, आणि दर दहा वर्षांनी हा काळ पुढे सरकवला जातो. ३० या आकड्यात जादू काही नाही. एखाद-दुसरं विचित्र वर्ष सरासरीत बुडून जाईल इतका तो मोठा आहे, एवढंच.

'चिडका' म्हणजे सतत चिडलेला नव्हे, हेही मुलांना आपोआप कळतं. चिडका बंड्यासुद्धा एखाद्या दिवशी खदखदून हसतो, आणि शांत माणूसही कधीतरी भडकतो. चिलीतलं अटाकामा वाळवंट जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एक. तिथे २०१५ च्या मार्चमध्ये असा पाऊस कोसळला की पूर आले, चिखलाचे लोंढे गावांत घुसले. म्हणून अटाकामा पावसाळी प्रदेश झाला का? नाही, वाळवंटच राहिलं. शांत माणूस त्या दिवशी चिडला, चिडका झाला नाही. "आज एवढी थंडी पडली, मग पृथ्वी तापतेय कुठे?" या प्रश्नालाही हेच उत्तर आहे. फक्त ते मुलांकडूनच येऊ द्या.

यापुढची पायरी म्हणजे बातम्यांत रोज ऐकू येणारं एक वाक्य: "आज कमाल तापमान ३१ अंश, सरासरीपेक्षा ५ अंशांनी कमी." या एका वाक्यात दोन्ही गोष्टी आहेत. ३१ ही आजची हवा. आणि ज्याच्याशी तुलना केली ते न उच्चारलेले ३६ अंश म्हणजे हवामान. ते आज कोणी मोजलेले नाहीत, वर्षानुवर्षांच्या नोंदींतून आले आहेत. समजा महिना मे आहे आणि ३६ ही त्या महिन्याची ३० वर्षांची सरासरी आहे. ३० वर्षांचे मे म्हणजे ९३० दिवस. त्यातल्या एका दिवशी पारा ५ अंशांनी उतरला, तर सरासरीत अंशाच्या शंभराव्या भागाइतकाही फरक पडत नाही. पण प्रत्येक मे महिना एकेका अंशाने गरम निघाला, तर सरासरी पुरती एक अंशाने वर चढते. एका दिवसाचे ५ अंश मुलांना लगेच जाणवतात. रोजचा एक अंश कोणालाच जाणवत नाही. हवामान बदललं ते मात्र या न जाणवणाऱ्या अंशामुळे. हा हिशेब मुलांना करू द्या, सातवीला जमतो.

आता ही तुलना कुठे तुटते तेही सांगायला हवं, नाहीतर मुलं नको ते घेऊन जातील. आपल्याकडे म्हणतात, स्वभावाला औषध नाही. म्हणजे स्वभाव बदलत नाही, आणि मग एखादा हुशार पोरगा म्हणणार की हवामानही बदलत नाही! तिथे थांबून सांगा की हवामान बदलतं, फक्त त्याला वेळ लागतो. दुसरं असं, की स्वभाव माणसाच्या आत असतो आणि त्यामुळे तो चिडतो, असं आपण मानतो. हवामान असं ढगात लपून बसलेलं नसतं. आजवरच्या हवेच्या नोंदी एकत्र केल्या की जे चित्र दिसतं त्याला आपण हवामान म्हणतो. त्या चित्रात नुसती सरासरी नसते, चढउतारही असतात. दिवसा ४० आणि रात्री १० अंशांवर जाणारी जागा आणि दिवसरात्र २५ च्या आसपास असणारी जागा, दोन्हींची सरासरी २५, पण हवामान एक म्हणवणार नाही.

शब्दांच्या गोंधळाबद्दल. शाळेच्या भूगोलात हवा आणि हवामान अशी स्वच्छ विभागणी आहे, पण 'हवामानाचा अंदाज' यात अंदाज असतो तो उद्याच्या हवेचा. हा प्रयोग इतका रुळला आहे की तो चूक ठरवण्यात अर्थ नाही. 'आज हवामान खराब आहे' म्हणणाऱ्या मुलाला टोकू नका, 'म्हणजे हवा की हवामान?' एवढंच विचारा. शब्दातल्या 'मान'वरूनही ओळखता येत नाही. 'इथलं पर्जन्यमान' हे बहुधा दीर्घकाळाचं असतं, पण 'आजचं तापमान' आजचंच.

त्यापेक्षा क्रियापदाकडे कान द्यायला सांगा. "पाऊस पडतोय", "पडला", "पडेल" ही हवा. "इथे जूनमध्ये पाऊस पडतो" हे हवामान. 'पडतोय' आणि 'पडतो' यांत कानाला जेमतेम एका अक्षराचा फरक, पण मुलं तो लगेच पकडतात, कारण बोलताना ती कधी चुकत नाहीत. खोडी एकच: "बघ, आज पाऊस पडतो!" असंही आपण म्हणतो, आणि तिथे 'पडतो' म्हणजे 'पडणार'. असं वाक्य वर्गात कोणी ना कोणी काढणारच. तेव्हा विचारा, हे आजबद्दल आहे की दरवर्षीबद्दल?

"यंदा पावसाळा लांबला" हे वाक्य मात्र शेवटी ठेवा. एक दिवस नाही, अख्खा ऋतू आहे, म्हणून बरीच मुलं त्याला हवामान म्हणतील. पण 'यंदा' म्हणजे एकच वर्ष. बंड्या एक महिना रुसून बसला, तरी तो अजून रुसलेलाच आहे.