कमोडचं सीट कव्हर: आधी माप, मग सॉफ्ट क्लोज

प्रश्न: कमोडचं सीट कव्हर तुटलं. दुकानदार म्हणतो सगळ्यांचा साइज एकच, कुठलंही बसतं. खरंय का? माप कसं घ्यायचं? सॉफ्ट क्लोज घ्यावं का, आणि मटेरियल कोणतं? घर लातूरला, पाणी बोअरचं.

उत्तर:

नाही, साइज एकच नसतो. परभणीत माझं सॅनिटरीचं दुकान आहे. परत आलेली सीट कव्हरं बघितली तर त्यातली बहुतेक मापाला चुकलेली असतात, वस्तू खराब निघालेली क्वचित.

जुनं कव्हर काढून टाका आणि माप भांड्याचंच घ्या. जुन्या कव्हराचं घेऊ नका, तेही चुकीचं बसवलेलं असू शकतं. मागच्या दोन भोकांमधलं अंतर आधी मोजायचं. मध्यापासून मध्यापर्यंत टेप धरताना अंदाज चुकतो, म्हणून एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. भोकं सारखी असली की उत्तर तेच येतं. साधारण 140 ते 155 मिमी निघतं. यात थोडा फरक पडला तरी चालतो, कारण बिजागरीच्या पायाला सरकायला जागा ठेवलेली असते.

खरी गडबड लांबीत होते. दोन्ही भोकांच्या मध्यातून जाणारी आडवी रेघ मनात धरा आणि तिथून भांड्याच्या पुढच्या कडेच्या बाहेरच्या टोकापर्यंत टेप लावा. मग सगळ्यात रुंद जागी कडेपासून कडेपर्यंत रुंदी घ्या. चौथं माप कुणीच घेत नाही: भोकाच्या मध्यापासून मागच्या फ्लश टाकीपर्यंत, किंवा भिंतीपर्यंत, किती जागा आहे ते. झाकण उघडल्यावर नव्वद अंशांच्या थोडं मागं कललं तरच उभं राहतं. मागं जागा नसेल तर ते स्वतःहून खाली येतं. सॉफ्ट क्लोज असेल तर सावकाश येतं, एवढाच फरक.

आकारासाठी भांड्याच्या कडेवर वर्तमानपत्र पसरा, बाहेरच्या कडेनं पेन्सिल फिरवा आणि कापून घ्या. भोकांच्या जागीही खुणा करा. हा कागद दुकानात नेऊन कव्हराच्या खालच्या बाजूवर ठेवला की अंडाकृती, डी आकाराचं की चौकोनी हा वादच उरत नाही.

सेलूहून एक गुरुजी आले होते. ऑनलाइन मागवलेलं कव्हर हलतं म्हणाले. त्यांच्या भांड्याची लांबी 430 आणि रुंदी 355 मिमी, कडा सरळ, म्हणजे डी आकार. कव्हर होतं अंडाकृती, लांबी 460. पुढं 30 मिमी बाहेर लोंबत होतं. बिजागरी मागं सरकवून बघितली, पण ती दहा-बारा मिमीच सरकते, आणि मागं नेली की झाकण टाकीला टेकून उभं राहीना. पुढं ओढावं तर लोंबणं वाढतं. त्यांना डी आकाराचं, 430 च्या आत-बाहेर बसणारं दुसरं दिलं, तेव्हा प्रश्न मिटला. कव्हर भांड्याच्या कडेला बरोबर किंवा जेमतेम पाच मिमी बाहेर असावं. त्याहून जास्त बाहेर गेलं की बसणाऱ्याचं वजन बिजागरीवर पडतं.

बसवल्यावर आणखी एक गोष्ट तपासा. सीटच्या खाली रबराच्या छोट्या गोट्या असतात, त्या सगळ्या भांड्याच्या कडेवर टेकल्या पाहिजेत. कागदाची पट्टी एकेका गोटीखाली सरकवा. जिथं कागद मोकळा सुटतो तिथं सीट हवेत आहे. अशा जागीच पुढं तडा जातो.

तडा म्हटल्यावर मटेरियल आलं. आपल्याकडं मुख्यतः दोन मिळतात. पीपी हे साधं प्लास्टिक: हलकं, स्वस्त, थोडं लवचिक. ओरखडे पडतात आणि काही वर्षांनी पिवळसर दिसू लागतं. युएफ म्हणजे युरिया फॉर्मल्डिहाइड, साच्यात उष्णतेनं घट्ट केलेलं. ते जड, चकचकीत, कठीण असतं आणि भांड्याच्या चिनी मातीशी रंग जुळतो. पण ते वाकत नाही, फुटतं. झाकणावर चढून बल्ब बदलणारं कुणी घरात असेल तर युएफ घेऊ नका. बाकी घरांसाठी माझी पसंती युएफलाच, पण माप पक्कं असेल तरच. बसण्याची जागा लाकडी भुशाची दाबून केलेली असेल तर आपल्या ओल्या संडासात ती घ्यायचीच नाही, फुगते.

आता सॉफ्ट क्लोज. बिजागरीत एक छोटी नळी असते, तिच्यात घट्ट सिलिकॉन ग्रीस भरलेलं. आतली पाती त्या ग्रीसमधून सरकते म्हणून झाकण हळू येतं. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा ग्रीस पातळ होऊन झाकण जरा लवकर पडतं. हिवाळ्यात रेंगाळतं. दोन्ही स्वाभाविक आहेत, तक्रार करायला नको. धाड्कन पडायला लागलं, किंवा बिजागरीतून तेलकट काही झिरपलं, तर मात्र नळी गेली. ती जाते कशानं? घाईनं हातानं दाबल्यानं. घरात लहान मुलं, वयस्क माणसं असतील तर पहिल्या दिवशीच सांगून ठेवा: सोडून द्या, दाबू नका. दुकानात बघताना बिजागरीचा पाया घट्ट धरा आणि झाकण व सीट वेगवेगळं सोडून बघा, कारण दोघांच्या नळ्या वेगळ्या असतात.

बोअरच्या पाण्यासाठी मी तरी बटण दाबून निघणारंच कव्हर सुचवेन. जेट स्प्रेचं पाणी मागं उडतं, वाळतं, आणि बिजागरीच्या खाचेत पांढरा क्षार दगडासारखा बसतो. कव्हर काढता आलं तर लिंबू किंवा व्हिनेगर लावलेल्या फडक्यानं तो पुसता येतो. संडास साफ करायचं ॲसिड तिथं लावू नका. आणि भांड्यात ॲसिड टाकल्यावर झाकण बंद करून ठेवू नका. त्याच्या वाफा कोंडून बिजागरीचं धातूकाम खातात, क्रोमचा मुलामा तर लवकरच सुटतो. स्टेनलेस स्टील टिकतं, पण वाफांपुढं त्यालाही डाग पडतात.

घ्यायच्या आधी भांड्याच्या खाली हात घालून बघा. नट खालून लावता येतो का? नव्या वन-पीस कमोडला बाजू बंद असतात, हात जात नाही. मग वरून आवळायची, भोकात फुगणाऱ्या रबरी बुशाची बिजागरी मागा. बसवताना कव्हर भांड्यावर नीट जुळवून मगच आवळा. प्लास्टिकचा नट हातानं घट्ट करून वर पाव फेरा, बस. पाना लावून जोर केला तर भांड्यालाच चीर जाते. आठवडाभरानं परत एकदा हात लावून बघा, सुरुवातीला थोडा सैल होतो.

आणि दुकानदाराला विचारून ठेवा, ह्याची बिजागरी सुटी मिळते का. डावी-उजवी नळी सारखी नसते, म्हणून बदलताना जुनी सोबत घेऊन जा.