‘सरणं’ की ‘शरणम्’, आणि किती संथ?

प्रश्न : आमच्या नवख्या ध्यानगटात आम्ही सुरुवातीला ‘बुद्धं सरणं गच्छामि’ आणि शेवटी ‘भवतु सब्बमङ्गलं’ म्हणतो. काही जण ‘बुद्धम् शरणम्’ म्हणतात, काही ‘बुद्धङ् सरणङ्’. बरोबर कोणते? शिवाय सगळ्यांचा वेग जुळत नाही, ओळीच्या शेवटी आवाज फाकतात. किती संथ म्हणावे?

उत्तर : आधी ‘सरणं’. पाली भाषेत ऊष्म वर्ण एकच आहे, तो म्हणजे दन्त्य ‘स’. संस्कृतातील श, ष आणि स हे तिन्ही तेथे एकाच ‘स’मध्ये मिळाले आहेत, म्हणून ‘शरण’चे रूप ‘सरण’ असेच होते आणि म्हणतानाही ‘स’च म्हणावा. मराठी माणसाची जीभ येथे अडखळते याला कारण आहे. आपल्याकडे ‘सरण’ म्हणजे चिता, त्यामुळे मंगल प्रसंगी तो शब्द तोंडातून काढणे अनेकांना जड जाते आणि ते नकळत तो ‘शरणं’ असा सुधारून घेतात. संकोच समजण्यासारखा आहे. पण हे दोन शब्द उच्चाराने सारखे असले तरी दोन वेगळ्या भाषांतले आहेत, एवढे गटाला एकदा सांगितले की तो निघून जातो.

‘बुद्धम्’ की ‘बुद्धङ्’ या वादात मात्र दोन्ही पक्षांना आधार आहे. विनयपिटकाच्या ‘समन्तपासादिका’ या अट्ठकथेत, श्रामणेराला प्रव्रज्येच्या वेळी सरणे कशी द्यावीत हे सांगताना दोन पद्धती दिल्या आहेत : शब्द एकमेकांना जोडून म्हणायचे असतील तर शेवट अनुनासिक ठेवावा, आणि शब्द तोडून म्हणायचे असतील तर शेवटी ‘म’कार करावा. म्हणजे एका ओघात ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणताना अनुनासिक, आणि प्रत्येक शब्दानंतर थांबणार असाल तर ‘बुद्धम्, सरणम्, गच्छामि’. चूक होते ती या दोहोंची सरमिसळ केल्याने. गटात निम्मे लोक ओठ मिटत असतील आणि निम्मे उघडे ठेवत असतील, तर ओठ मिटणाऱ्यांना पुढच्या ‘स’साठी ते पुन्हा उघडावे लागतात आणि ते किंचित मागे पडतात. आपण सलग म्हणणार आहात असे धरून मी अनुनासिकाची बाजू घेईन.

या अनुस्वाराला पालीत ‘निग्गहीत’ म्हणतात, म्हणजे धरून ठेवलेला. तो काढताना आपल्या लेखनसवयी आड येतात. ‘संसार’, ‘संशय’ या शब्दांत ‘स’ किंवा ‘श’च्या आधीच्या अनुस्वाराचा आपण वकाराकडे झुकणारा नाद करतो, त्यामुळे ‘बुद्धं सरणं’चे सहज ‘बुद्धौं सरणं’ होऊ लागते. त्यावर सोपा उपाय असा : ‘अंग’ म्हणायला घ्यावे आणि ‘ग’ येण्याच्या क्षणभर आधी थांबावे. जिभेचा मागचा भाग टाळूला टेकलेला असतो, ओठ उघडे असतात आणि आवाज नाकातून जात असतो, तोच हवा. ओळीत असे दोन निग्गहीत आहेत आणि दुसऱ्यासाठी काहीच करावे लागत नाही, कारण ‘सरणं’पुढे ‘गच्छामि’चा ‘ग’ येतो आणि ‘संगम’मध्ये निघतो तसाच ‘ङ’ आपोआप निघतो. सराव फक्त पहिल्याचा करायचा आहे.

आता आवाज का फाकतात, याकडे वळतो. माझ्या अनुभवात वेग आणि उच्चार हे दोन प्रश्न नाहीतच. वेग बिघडतो तो उच्चारामुळे. मराठीत शब्दाच्या मधला ‘अ’ आपण गिळतो. लिहितो ‘करवत’, म्हणतो ‘कर्वत’. लिहितो ‘देवता’, म्हणतो ‘देव्ता’. हा मराठीचा रीतसर नियम आहे, दोष नव्हे. परंतु पालीत लिहिलेला प्रत्येक ‘अ’ उच्चारायचा असतो. देवनागरी लिपी दोन्ही भाषांना एकच असल्यामुळे डोळ्यांना फरक दिसत नाही आणि जीभ मराठीच्या नियमाने चालते. ‘नमो तस्स भगवतो अरहतो’ याचे ‘नमो तस्स भग्वतो अर्हतो’ होते. ‘भगवतो’ हा चार अक्षरांचा शब्द तीनचा होतो, ‘अरहतो’चेही तसेच, आणि गिळणारी मंडळी न गिळणाऱ्यांच्या आधी ‘तो’वर पोहोचतात. ओळीच्या शेवटी जो गोंधळ ऐकू येतो तो बहुधा हाच असतो. पंचशील घेताना ‘वेरमणी’चे ‘वेर्मणी’ होते, तेही याच मार्गाने.

आशीर्वादाच्या गाथेत ही चूक मोजून पकडता येते, म्हणून तीच उदाहरणाला घेतो :

भवतु सब्बमङ्गलं, रक्खन्तु सब्बदेवता,
सब्बबुद्धानुभावेन, सदा सोत्थी भवन्तु ते.

हे चार चरण आहेत आणि प्रत्येक चरणात आठ अक्षरे आहेत. शाळेत शिकलेल्या अनुष्टुभाचेच हे पाली भावंड. दुसरा चरण बोटांवर मोजावा : रक्, खन्, तु, सब्, ब, दे, व, ता. आठ झाली. ‘देव्ता’ म्हटले की सातच उरतात आणि चरण लंगडतो. लघु-गुरू पाहिले तर पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या चरणाची शेवटची चार अक्षरे लघु, गुरू, लघु, गुरू अशीच येतात : ‘ब-मङ्-ग-लं’, ‘ब-दे-व-ता’, ‘भ-वन्-तु-ते’. कानाला हा डौल एकदा ओळखीचा झाला की गिळलेला ‘अ’ कोणी न दाखवता खटकू लागतो. चौथ्या चरणातील ‘सोत्थी’ अनेक ठिकाणी ऱ्हस्व छापलेले आढळते. पण क्रियापद ‘भवन्तु’ अनेकवचनी आहे आणि ‘सोत्थि’ या स्त्रीलिंगी शब्दाचे अनेकवचन दीर्घ ‘सोत्थी’ होते, म्हणून मी दीर्घच लिहितो.

अन्त्य ऱ्हस्व इकार-उकारांबाबत आपली सवय याच्या उलट आहे : तेथे आपण अक्षर गिळत नाही, लांबवतो. ‘गच्छामि’चे ‘गच्छामी’ आणि ‘भवतु’चे ‘भवतू’ होते. ओळ जेथे संपते तेथे ‘मि’ चालीत थोडा रेंगाळला तर मी त्याबद्दल कुणाला टोकणार नाही. ‘भवतु’ मात्र चरणाच्या सुरुवातीला आहे आणि त्याची तिन्ही अक्षरे लघु आहेत, त्यामुळे तेथे ‘तू’ ओढला की पुढचा ‘सब्ब’ सगळ्यांचा वेगवेगळ्या वेळी पडतो. जोडाक्षरांतही एक सापळा आहे. मराठी छपाईत ‘बुद्ध’ऐवजी ‘बुध्द’ इतक्या वेळा दिसते की वाचणारा तसाच उच्चार करू पाहतो. आधी ‘द्’ येतो, मग ‘ध’ : बुद्-ध. आणि बुद्धवंदनेतील ‘ये च बुद्धा अतीता च’ म्हणताना आपल्या ‘मीच’, ‘तूच’मधला दन्त्य ‘च’ शिरतो, तोही टाळावा. पालीतला ‘च’ तालव्य आहे, ‘चंद्र’ किंवा ‘चार’मध्ये असतो तसा.

वेगासाठी मात्रा मोजणे हाच मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. दीर्घ स्वर, निग्गहीत किंवा पुढे जोडाक्षर असले की अक्षर गुरू. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणजे बुद् २, धं २, स १, र १, णं २, गच् २, छा २, मि १, एकूण १३. ‘धम्मं’ आणि ‘सङ्घं’ यांच्या ओळी मोजल्या तरी १३च भरतात. ‘दुतियम्पि’ आणि ‘ततियम्पि’ प्रत्येकी पाच मात्रांचे, म्हणून पुढच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक ओळ १८ मात्रांची होते. ‘नमो तस्स’चे पूर्ण वाक्य मात्र २७ मात्रांचे आहे.

आमच्या नऊ जणांच्या गटात आम्ही मेट्रोनोमवर मिनिटाला ७५ ठोके लावले आणि एका ठोक्यात दोन मात्रा धरल्या. त्या हिशेबाने पहिल्या फेरीची ओळ सुमारे पाच सेकंदांत, पुढच्या फेऱ्यांची सातमध्ये आणि ‘नमो तस्स’ अकरामध्ये संपते. पाच-सात सेकंदांची ओळ नवख्या माणसालाही एका श्वासात जमते. अकरा सेकंदांची सर्वांना जमत नाही आणि मग प्रत्येक जण मनाला येईल तेथे श्वास घेतो. म्हणून ‘भगवतो’नंतर सर्वांनी मिळून थांबायचे असे ठरवले. तेथे शब्दही पुरा होतो आणि ओळीचे ११ आणि १६ मात्रांचे दोन सोयीचे तुकडे पडतात. ‘सम्मा’ आणि ‘सम्बुद्धस्स’ यांच्यामध्ये मात्र श्वास घेऊ नये, कारण तो एकच समास आहे.

तीन सरणे एकाने सांगायची आणि इतरांनी मागून म्हणायची, प्रत्येक वेळी दोन सेकंदांचा विसावा धरायचा, असे केले तर तीन फेऱ्यांना अडीच मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. हे दीड मिनिटात उरकत असेल तर बहुधा मागून म्हणणारे सांगणाऱ्याच्या शेवटच्या अक्षरावर चढत आहेत असे समजावे. त्यांच्या कानावर ‘मि’ पडतच नाही. चाल पहिल्या दोन बैठकांत लावूच नये. नुसते बोलून, मांडीवर मात्रांचा ठोका देत ओळ बसवावी आणि मगच ती गळ्यावर घ्यावी. चालीत गिळलेली अक्षरे लपतात. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून फक्त ‘भगवतो’ आणि ‘देवता’ हे दोन शब्द ऐकले तरी गट कोठे आहे ते कळते.

शिकण्यासाठी कोणाचे पठण ऐकावे, तेही सांगतो. थायलंडमधील भिक्खूंच्या तोंडी ‘बुद्धं’ हे ‘फुत्थङ्’सारखे आणि ‘गच्छामि’ हे ‘खच्छामि’सारखे ऐकू येते, तर ब्रह्मदेशात ‘स’च्या जागी जीभ दातांत धरून काढलेला, ‘थ’कडे झुकणारा ध्वनी येतो. त्या परंपरांत ते योग्यच आहे, परंतु आपल्या जिभेला ग, द, ब, स हे ध्वनी जन्मजात येत असताना ते सोडण्याचे कारण नाही. महाराष्ट्राचा ब्रह्मदेशाशी या बाबतीत जवळचा संबंध आहे : नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांना त्रिसरण आणि पंचशील देणारे चंद्रमणी महास्थविर मूळचे तिकडचे, आणि इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचे सत्यनारायण गोयंका यांचा जन्मही मंडालेचा. गोयंकांचे ‘भवतु सब्बमङ्गलं’ अनेकांच्या कानांत बसलेले असते. ते अतिशय संथ आहे, स्वर लांब ओढलेले आहेत आणि ते एकट्याने म्हणण्याचे आहे. गटाने त्याची नक्कल केली की लघु-गुरूंचा भेद पुसला जातो आणि प्रत्येकाचा श्वास वेगळ्या जागी तुटतो. त्यानंतर तीनदा ‘साधु’ म्हणायची जी रीत आहे ती अवश्य ठेवावी. फक्त तेथेही ‘धु’ ऱ्हस्व आहे.