‘आई, तू बाबावर फरलीफ्त आहेस का?’

नेदरलँड्समधील ॲमस्टलव्हेन येथून एका आईने लिहिले आहे. त्यांची मुलगी सहा वर्षांची असून ती डच शाळेत जाते आणि घरी मराठी बोलते. एका संध्याकाळी जेवताना तिने विचारले, “आई, तू बाबावर फरलीफ्त आहेस का?” आईने उत्तर दिले, “हो गं, आपल्या सगळ्यांचं एकमेकांवर प्रेम आहे.” त्यावर मुलगी म्हणाली, “तसं नाही. फरलीफ्त!” आईने विषय बदलला. दोन दिवसांनी साताऱ्याच्या आजीशी व्हिडिओ कॉल चालू असताना मुलीने तोच प्रश्न मराठीत केला: “आजी, तू आजोबांच्या प्रेमात पडलीस तेव्हा तुला लागलं होतं का?” आजी लाजल्या आणि “आमच्या वेळी असलं काही नव्हतं बाई,” एवढेच म्हणाल्या. त्या रात्री अंथरुणात मुलीने आईला दोन प्रश्न विचारले. “म्हणजे आजीला आजोबा आवडत नाहीत?” आणि थोड्या वेळाने, “फरलीफ्त संपतं का?” तिच्या वर्गातील एका मुलाचे आईवडील अलीकडेच वेगळे राहू लागले आहेत. आता तिला काय सांगावे, असे आईने विचारले आहे.

मुलीचे “तसं नाही” हे अगदी बरोबर आहे, हे आधी सांगायला हवे. डच भाषेत या दोन गोष्टींसाठी दोन निरनिराळे शब्दप्रयोग आहेत. आई, आजी, मित्र, मांजर यांच्यावर असते ते ‘हाउडन फान’, आणि दोन माणसे एकमेकांकडे विशेष रीतीने ओढली जातात ते ‘फरलीफ्त’. तेथील चार-पाच वर्षांची मुलेसुद्धा हा दुसरा शब्द सहजपणे वापरतात. शिवाय तेथील अनेक प्राथमिक शाळांत दरवर्षी वसंत ऋतूत ‘लेन्टेक्रीबल्स’ नावाचा आठवडा पाळला जातो. या नावाचा अर्थ वसंतातल्या गुदगुल्या असा आहे. लहान गटांमध्ये त्या आठवड्यात मैत्री, भावना, आणि नको असलेल्या स्पर्शाला नाही म्हणणे यांविषयी बोलले जाते. तेव्हा मुलीने नेमका प्रश्न विचारला होता आणि तिला मिळालेले उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे होते. जर्मनीतील मराठी आईवडिलांनाही हाच अनुभव येऊ शकतो, कारण त्या भाषेतही असेच दोन वेगळे शब्द आहेत.

या वयाच्या मुलांना उत्तर देण्यापूर्वी त्यांनाच विचारावे: “तुला काय वाटतं, फरलीफ्त म्हणजे काय?” सहा वर्षांचे मूल बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा सांगते; हात धरतात, पापा घेतात, लग्न करतात, गाल लाल होतात. तिला किती ठाऊक आहे आणि तिची समजूत कोठे अडली आहे, हे त्यावरून कळते. आपल्या मनात ज्या अवघड गोष्टी येतात, त्या तिच्या प्रश्नात बहुतेक वेळा नसतातच. तिला एवढेच कळून घ्यायचे असते की, ही कोणती भावना आहे, ती कोणाला होते, आणि तिच्यामुळे आपल्या घरात काही बदलणार आहे का.

त्यानंतर साधारण असे सांगता येईल: “कधी कधी एका मोठ्या माणसाला दुसरं एक मोठं माणूस खूप वेगळ्या तऱ्हेनं आवडायला लागतं. सारखी त्याची आठवण येते. ते समोर आलं की छातीत धडधडतं. काही गंमत झाली की आधी त्यालाच सांगावीशी वाटते. मग दोघांनाही वाटतं की आपण एकत्र राहावं, एकमेकांची काळजी घ्यावी.” अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी 1986 मध्ये प्रौढांच्या प्रेमाचे तीन घटक मांडले. जवळीक, ओढ आणि बांधिलकी हे ते तीन घटक होत. वरच्या वाक्यांत हे तिन्ही आले आहेत, फक्त मुलाला ओळखू येतील अशा रूपात. धडधड तिला समजते, कारण सहलीच्या आदल्या रात्री तिच्याही पोटात काहीतरी होत असते, आणि गंमत आधी कोणाला सांगायची हेही तिला पक्के माहीत असते. ‘मोठं माणूस’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. नेदरलँड्समध्ये 1 एप्रिल 2001 पासून दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष एकमेकांशी विवाह करू शकतात, आणि तिच्या वर्गात अशा घरातील मूल असण्याचा संभव आहे. तुमचे स्पष्टीकरण त्या घरालाही लागू पडले, तर तिला ते शाळेत जाऊन दुरुस्त करावे लागणार नाही.

रूपके मात्र जपून वापरावीत. डच लोक म्हणतात की पोटात फुलपाखरे होतात, आणि आपण म्हणतो की माणूस प्रेमात पडते. या वयात मुले अशी वाक्ये शब्दशः घेतात. “लागलं का?” हा प्रश्न त्यातूनच आला आहे, आणि त्यावर हसून तिला गप्प करू नये. “तसं खरंखुरं पडत नाहीत, ते नुसतं म्हणायचं असतं,” असे शांतपणे सांगावे. मला स्वतःला येथे मराठीतील दुसरा प्रयोग अधिक आवडतो. आपल्याकडे प्रेम बसते, जीव जडतो, लळा लागतो. बसणे आणि जडणे यांत कोणी कोसळत नाही, आणि ‘पडणे’ ऐकून मुलाच्या डोळ्यांसमोर जे अपघाताचे चित्र येते, ते येत नाही. फरलीफ्त म्हणजे प्रेम बसणे, अशी जोडी तिला करून दिली, तर हा विषय तिला मराठीतही बोलता येईल. एरवी मुले ज्या विषयाला घरच्या भाषेत शब्द मिळत नाही, तो विषय हळूहळू घराबाहेरच बोलू लागतात.

आता तिच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, कारण सर्वांत जास्त काळजी तेथे घ्यायला हवी. “फरलीफ्त संपतं का?” यामागे बहुधा दुसरा प्रश्न दडलेला असतो: मोठ्यांचे प्रेम संपत असेल, तर माझ्यावरचेही संपेल का? “आपल्या सगळ्यांचं एकमेकांवर प्रेम आहे” हे उत्तर येथेच धोक्याचे ठरते. दोन्ही भावनांना एकच शब्द दिला की मूल एकीचे नियम दुसरीला लावते. म्हणून आईवडिलांच्या भावनेसाठी ‘माया’ हा शब्द वेगळा ठेवावा आणि सांगावे: “कधी कधी दोन मोठ्या माणसांचं एकमेकांवरचं प्रेम कमी होतं आणि मग ती वेगळ्या घरांत राहतात. तुझ्या मित्राच्या घरी तसं झालं. पण आईबाबांची मुलांवरची माया ही वेगळी गोष्ट आहे. मी बाबाला निवडलं, बाबानं मला निवडलं. तुझ्यावरची माया मला निवडावी लागली नाही, आणि तू चुकलीस, रागावलीस, तरी ती कमी होत नाही.”

संपत नाही, असे मात्र तिला सांगू नये. ती ते एका मित्राच्या घरी पाहते आहे, त्यामुळे तुमच्या इतर सांगण्यावरही तिचा विश्वास राहणार नाही. तुमच्या घरी सर्व ठीक असेल, तर “मी आणि बाबा एकत्रच राहणार आहोत” एवढे पुरते. हा निव्वळ कुतूहलाचा प्रश्न आहे की भीतीचा, हे ओळखता येते. कुतूहल असेल तर उत्तर मिळाल्यावर मूल खेळायला निघून जाते. भीती असेल तर तोच प्रश्न झोपताना पुन्हा येतो, बाबाला घरी यायला उशीर झाला की मूल दाराकडे पाहते, किंवा दोघांत शब्दाला शब्द झाला की मध्ये येऊन उभे राहते. तसे दिसले, तर प्रेमाची व्याख्या बाजूला ठेवून तिने ऐकलेल्या त्या भांडणाविषयी बोलावे: ते कशावरून झाले, आणि नंतर आम्ही ते कसे मिटवले. मिटवणे बहुधा मूल झोपल्यावर होते आणि त्याला ते दिसतच नाही. म्हणून ते सांगावे लागते.

“तुला अजून धडधडतं का?” असेही ती विचारील. खरे ते सांगावे: आधी पुष्कळ व्हायचे, आता रोज होत नाही, आता बाबाला बरे नसले की मला चैन पडत नाही आणि त्याच्याशी बोलल्याशिवाय दिवस पुरा होत नाही.

एखाद्या दिवशी ती स्वतःच वर्गातील कोणावर तरी फरलीफ्त असल्याचे सांगेल. इलेन हॅटफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार वर्षांच्या मुलांनीही अशा तीव्र ओढीचे वर्णन केले होते. तेव्हा ती भावना खोटी नसते. “हो का? त्याच्याबरोबर काय करायला आवडतं?” असे विचारावे आणि तिने सांगितलेले कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. आपल्याकडे पाहुणे मुलांना हौसेने “तुझा नवरा कोण?” असे विचारतात. माझी विनंती आहे की त्यांना तेथेच थांबवावे, कारण चिडवले गेलेले मूल पुढच्या वेळी काहीच सांगत नाही. याच संभाषणात एक वाक्य अवश्य घालावे: कोणी मोठे माणूस लहान मुलाला “माझं तुझ्यावर असं प्रेम आहे, पण कोणाला सांगू नकोस” असे म्हणाले, तर ते आईला लगेच सांगायचे.

राहिला आजीचा प्रश्न. आजींच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नये. ठरवून झालेल्या लग्नात पुढे जीव जडतोच असे नाही, आणि त्यांच्या संसाराविषयी बोलण्याचा अधिकार त्यांचाच आहे. मुलीला एवढे सांगता येईल: “आजी-आजोबांचं लग्न त्यांच्या आईवडिलांनी ठरवलं. आधी लग्न झालं, ओळख नंतर झाली. पुढचं आजीलाच विचारू.” मुलगी शाळेत असताना सासूबाईंना आधी फोन करावा आणि सांगावे, “आई, ती तुम्हांला पुन्हा विचारील. मोठं काही सांगायला नको, एखादी छोटी आठवण सांगा.” आजोबांना चहा कसा लागतो, त्यांनी पहिल्यांदा काय आणले होते, गावाला गेल्यावर पत्र लिहिले होते का, असे काहीही चालेल. आजी त्यांना ‘अहो’ म्हणतात आणि नाव कधीच घेत नाहीत, हे मुलीच्या लक्षात आले असेल, कारण तुमच्या घरी तुम्ही बाबाला नावाने हाक मारता. तेव्हा ओळीत गुंफून नवऱ्याचे नाव घेण्यासाठी आजीने लग्नात जो उखाणा घेतला होता, तो ऐकवण्याचा आग्रह मुलीलाच धरू द्यावा, आणि कॉलवर आजोबांनाही शेजारी बसवावे.