सकाळी साडेनऊला ‘आज घरी जा’ म्हणाले, सुटका रात्री सव्वाआठला. दोष विमा कंपनीचा की हॉस्पिटलचा?

«वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, कॅशलेस होतं. डॉक्टरांनी साडेनऊला डिस्चार्ज सांगितला. मोबाईलवरच्या मेसेजप्रमाणे बिल ३:१० ला कंपनीकडे गेलं, ४:४० ला त्यांनी जाळीचं स्टिकर मागितलं, हॉस्पिटलने ते ६:१० ला पाठवलं, ७:२० ला मंजुरी आली. आम्ही ८:१५ ला निघालो. हातातली सुईही संध्याकाळपर्यंत तशीच. वर एका दिवसाचं जादा खोलीभाडं. हॉस्पिटल म्हणतं, ‘इन्शुरन्समुळे झालं.’ खरं काय?»

मी रुग्णालय प्रशासनात आहे. ही तक्रार माझ्या टेबलावर आली असती तर मुद्द्यामुद्द्याने जे लेखी उत्तर द्यावं लागलं असतं, तेच इथे देतो. वडिलांना दिवसभर ताटकळावं लागलं, ते टाळता आलं असतं.

साडेनऊ ते तीन दहा. हे पाच तास चाळीस मिनिटं पूर्णपणे हॉस्पिटलची आहेत; तोवर विमा कंपनीच्या हाती कागदच नव्हता. या वेळात तीन कामं होतात. निवासी डॉक्टर डिस्चार्ज समरी लिहितात, तिच्यावर सर्जनची सही होते, आणि वॉर्डातली न वापरलेली औषधं फार्मसीत परत जातात. औषधांची परतावा नोंद पडल्याशिवाय बिलिंगला शेवटचं बिल काढता येत नाही. बहुतेक वेळा गाडी अडते ती सहीपाशी: राउंड संपवून सर्जन ऑपरेशन थिएटरमध्ये जातात आणि समरी दुपारपर्यंत पडून राहते. आधीपासून ठरलेल्या ऑपरेशनमध्ये समरीचा मसुदा आदल्या संध्याकाळीच तयार असायला हवा; सकाळी फक्त राउंडची नोंद आणि सही उरते. तसं झालं तर बाराच्या आत बिल जायला हरकत नाही.

जाळीचं स्टिकर. हर्नियात बसवलेल्या जाळीच्या खोक्यात बॅच नंबर छापलेली चिकटपट्टीची लेबलं येतात. एक थिएटरच्या नोंदीत आणि एक रुग्णाच्या फाइलमध्ये लावायचं असतं. जाळीचे पैसे देण्याआधी कंपनी ते लेबल आणि खरेदीचं बिल मागते, हे विमा डेस्कवरच्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणजे हा प्रश्न अनपेक्षित नव्हता. लेबल पहिल्याच वेळी जोडलं असतं तर ४:४० ची विचारणा आली नसती. उत्तर द्यायलाही दीड तास लागला. लेबल फाइलमध्ये नसून थिएटरच्या रजिस्टरमध्ये राहिलं की असंच होतं.

विमा कंपनीचा वाटा. विमा क्षेत्राची नियामक संस्था आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार हॉस्पिटलची डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. त्यापुढे उशीर होऊन हॉस्पिटलने जादा रक्कम लावली, तर ती कंपनीने सोसायची. तुमच्या बाबतीत ३:१० ते ७:२० म्हणजे चार तास दहा मिनिटं. पण मधला दीड तास कागद हॉस्पिटलकडे होता. तो वजा केला तर कंपनीकडे गेले दोन तास चाळीस मिनिटं. त्यामुळे कंपनी म्हणेल की आम्ही वेळेत आहोत, आणि तुमच्या प्रकरणात मला ते पटतं. ‘इन्शुरन्समुळे’ हे हॉस्पिटलचं उत्तर तुम्ही मान्य करू नका.

जादा खोलीभाडं. बहुतेक ठिकाणी दुपारी बाराला नवा दिवस धरतात, तोच इथे लावलेला दिसतो. रुग्ण साडेनऊला घरी जाण्याजोगा होता आणि बाराच्या पुढचा वेळ मुख्यतः हॉस्पिटलच्या कामात गेला, म्हणून हे भाडं परत करायला हवं. त्या दिवसाचे नर्सिंग चार्जेसही बिलात शोधा; खोलीभाड्याबरोबर ते आपोआप लागतात आणि परताव्याच्या वेळी नेमके राहून जातात.

हातातली सुई. हिचा बिलाशी काहीच संबंध नाही. शेवटचं इंजेक्शन झालं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की ती काढायची असते. कारण नसताना ठेवलेल्या सुईने शीर सुजते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ‘मंजुरी आल्यावर काढू’ ही सवय चुकीची आहे. त्या जागी अजून लाली, गाठ किंवा दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, तक्रार नंतर.

सात वीस ते सव्वाआठ. विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे पैसे भरणं, गेटपास, औषधं समजावून सांगणं, याला अर्धा तास पुरतो. न बसणाऱ्या वस्तूंची यादी मात्र दुपारीच तुमच्या हातात द्यायला हवी होती.

आता हॉस्पिटलच्या प्रशासकाला लेखी अर्ज द्या. त्यात समरीवर सही झाल्याची वेळ, औषधं परत आल्याची वेळ आणि कंपनीच्या विचारणापत्राची व मंजुरीपत्राची प्रत मागा, आणि त्या दिवसाच्या भाड्याचा परतावा स्पष्ट शब्दांत मागा. परतावा देताना ते भाडं कोणी भरलं होतं ते मंजुरीपत्रावरून पाहतात: तुम्ही रोख भरलं असेल तर पैसे तुमचे, कंपनीने मंजूर केलं असेल तर तेवढी रक्कम कंपनीकडे परत जायला हवी आणि तुमच्या विमा रकमेतून झालेली वजावटही दुरुस्त व्हायला हवी.