जनरेटरचा कॉन्टॅक्टर तडतडतो, पण लोड घेत नाही

प्रश्न : "सोसायटीत लाइट गेली की जनरेटर आपोआप सुरू होतो, पण पॅनेलमधला जनरेटरचा कॉन्टॅक्टर नुसता तडतड वाजतो, लोड घेत नाही. वॉचमनने काठीने दाबला की बसतो. वायरमनने कॉइल बदलली, तरी तेच. नक्की काय बिघडलंय?"

उत्तर :

जुनी कॉइलही बहुधा चांगलीच होती. ‘दाबला की बसतो’ हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, कारण निम्मं निदान त्यातच आहे. एसी कॉइल कॉन्टॅक्टर ओढताना जेवढा करंट घेते, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात ती तो धरून ठेवते. मोठ्या कॉन्टॅक्टरची कॉइल ओढताना एखादा अँपिअर घेत असेल, तर बसल्यावर तिला 0.1 अँपिअर पुरतो. म्हणजे तुमच्याकडे धरून ठेवण्यापुरती वीज कॉइलपर्यंत पोचतेय, ओढण्यापुरती पोचत नाही. आता ती कुठे अडते, एवढंच शोधायचं.

आधी एक सोपी चाचणी. पॅनेलमधून सोसायटीकडे जाणारा मुख्य ब्रेकर बंद ठेवा आणि मग लाइट गेल्यासारखं करून जनरेटरला लोड घ्यायला लावा. ब्रेकर बंद असताना कॉन्टॅक्टर एका झटक्यात बसला आणि ब्रेकर चालू असतानाच तडतडला, तर दोष लोडचा किंवा जनरेटरचा आहे. पंप, लिफ्ट सगळं एकदम अंगावर आलं की जनरेटरचं व्होल्टेज क्षणभर कोसळतं. कॉइलला त्याच जनरेटरची वीज मिळत असल्याने कॉन्टॅक्टर सुटतो. लोड गेलं की व्होल्टेज सावरतं आणि तो पुन्हा ओढला जातो. तिथे व्होल्टेज रेग्युलेटर आणि इंजिनचा स्पीड बघायचा, आणि पंप थोड्या वेळाने सुरू होईल असा टायमर टाकायचा. पण ब्रेकर बंद असूनही तडतड तशीच राहिली, तर दोष कंट्रोल वायरिंगमध्ये आहे. तुमचं वर्णन वाचून मला हीच शक्यता जास्त वाटते.

इथे बहुतेक जण मल्टिमीटरने फसतात. कॉइलची ए1 वायर सुटी करून मीटर लावला तर पूर्ण 230 व्होल्ट दिसतात आणि ‘सप्लाय बरोबर आहे’ असं ठरतं. मीटर जवळपास करंटच घेत नाही, त्यामुळे वाटेतला खराब जोड त्याला दिसत नाही. त्यासाठी खोटं लोड लागतं. सुट्या केलेल्या त्या वायरला कॉइलऐवजी 100 वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब जोडा (एलईडी चालणार नाही) आणि त्याचं दुसरं टोक न्यूट्रलला. हा बल्ब 0.4 अँपिअरच्या आसपास घेतो आणि कॉइलसारखा तडतडत नाही, त्यामुळे रीडिंग स्थिर मिळतं. मग मीटरची टोकं वाटेतल्या प्रत्येक जुळलेल्या कॉन्टॅक्टच्या दोन्ही बाजूंना लावत जा : फ्यूज, सिलेक्टर स्विच, कंट्रोलरचा रिले, आणि दोन्ही कॉन्टॅक्टर एकदम बसू नयेत म्हणून समोरच्या, म्हणजे लाइटच्या कॉन्टॅक्टरवरून घेतलेला इंटरलॉक. चांगल्या कॉन्टॅक्टवर एक व्होल्टही दिसत नाही. जिथे दहा-वीस व्होल्ट दिसतील, तिथे चोर. न्यूट्रलची बाजूही अशीच तपासा, तिला सगळे विसरतात.

नाशिकच्या एका सोसायटीत अगदी तुमच्यासारखीच तक्रार होती. 62.5 केव्हीएचा सेट, दोन कॉन्टॅक्टर आणि मधे मेकॅनिकल इंटरलॉक. बल्ब लावून मोजत गेल्यावर लाइटच्या कॉन्टॅक्टरच्या 21-22 या एनसी, म्हणजे तो सुटलेला असताना जुळणाऱ्या कॉन्टॅक्टवर 23 व्होल्ट सापडले. हिशेब केला तर तो साधारण 60 ओहम होतो. बसलेल्या कॉइलला 60 ओहमने काहीच फरक पडत नाही, तिला जवळपास पूर्ण व्होल्टेज मिळतं. पण ओढताना करंट दसपट, त्यामुळे 230 पैकी कॉइलवर उरतात जेमतेम 190. 240 व्होल्टच्या कॉइलला खात्रीने ओढायला 85 टक्के, म्हणजे 204 व्होल्ट लागतात. तेवढे मिळत नाहीत म्हणून आर्मेचर, म्हणजे कॉइल ओढते तो लोखंडी भाग, अर्ध्यापर्यंत येतं, मुख्य कॉन्टॅक्टच्या स्प्रिंगला अडतं आणि मागे पडतं. त्या धक्क्याने तो खराब कॉन्टॅक्टही ठिणग्या टाकत जुळत-सुटत राहतो.

तो एनसी कॉन्टॅक्ट जळलेला मात्र नव्हता. लाइटचा कॉन्टॅक्टरच पूर्ण मागे येत नव्हता! इंटरलॉकच्या लिव्हरला कोणीतरी कधीकाळी ग्रीस लावलं होतं, त्यावर धूळ बसून त्याचा डिंक झाला होता. कॉइलची वीज गेली तरी आर्मेचर शेवटचा मिलिमीटरभर अडकून राहायचं, आणि एनसी कॉन्टॅक्ट नुसता टेकल्यासारखा. लिव्हर साफ केला (ग्रीस अजिबात न लावता), ऑक्झिलरी ब्लॉक बदलला, आणि 23 चे शून्य झाले. तडतड जनरेटरच्या कॉन्टॅक्टरची आणि दुखणं शेजारच्याचं, म्हणून तिथेही आधी कॉइलच बदलून झाली होती.

यावर काही वायरमन इंटरलॉकचा एनसी शॉर्ट करून मोकळे होतात. ते करू देऊ नका, आणि ती काठी आजच बंद करा. लाइटचा कॉन्टॅक्टर मागे येत नाही याचं कारण कधी चिकट ग्रीस असतं, तर कधी त्याचे मुख्य कॉन्टॅक्ट वेल्ड झालेले असतात. अशा वेळी जनरेटरचा कॉन्टॅक्टर जबरदस्तीने बसवला तर जनरेटरची वीज उलटी लाइनवर जाते, आणि बाहेर कोणी लाइनमन ‘सप्लाय बंद आहे’ म्हणून खांबावर असू शकतो. वेल्ड तपासायचं तर दोन्हीकडचा सप्लाय तोडून, सेटच्या बॅटरीची निगेटिव्ह काढून (नाहीतर तुमचा हात आत असताना सेट आपोआप सुरू होईल) मुख्य पोलवर कंटिन्युइटी बघायची. हे आणि वरचं बल्बचं काम लायसन असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

आवाज तडतड असा नसून दर काही सेकंदांनी एक ‘खट्’ असा असेल, तर मात्र वरचं सगळं सोडा आणि लाइटचं व्होल्टेज पुरेसं आहे का हे ठरवणारा व्होल्टेज सेन्सिंग रिले बघा. समजा तो 200 व्होल्टला सोडतो आणि 205 ला पुन्हा घेतो. रिकाम्या लाइनवर 210 आहेत, म्हणून रिले लाइटला पसंती देतो. लोड आलं की 195 होतात, म्हणून सोडतो. लोड गेलं की परत 210. हे रात्रभर चालू शकतं. सोडण्याचं आणि घेण्याचं व्होल्टेज यांत निदान पंधरा-वीस व्होल्टचं अंतर ठेवा आणि लाइट परतल्यावर लोड घ्यायचा टायमर मिनिटभर तरी असू द्या. मोजायचं ते लोड असतानाच, आणि लाइटच्या कॉन्टॅक्टरच्या आधीच्या बाजूला. लोडवर 195 च येत असतील तर सेटिंग खाली ओढत बसण्यापेक्षा वीज कंपनीकडे तक्रार द्या.